अंगणातील सांडपाण्याच्या ११० मिमी पाइपची दुरुस्ती : प्रकल्प नोंदी

९ मे, परभणी

मावशींच्या घराच्या उत्तरेकडील भिंतीलगत शहाबादी फरशीच्या सांध्यांतून ओल वर येते आहे. ऐन मे महिन्यात अंगणातील बाकीच्या काळ्या मातीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असताना फक्त याच पट्ट्यातील माती मऊ आणि चिकट राहिली आहे, त्यामुळे पाणी बाहेरून येत नसून खालून जाणाऱ्या पाइपातूनच झिरपते आहे, हे सांगायला वेगळ्या पुराव्याची गरज नव्हती. प्रश्न एवढाच होता की पाइप नेमका कुठे फुटला आहे. न्हाणी आणि संडासाजवळच्या वरच्या चेंबरपासून फाटकाजवळच्या खालच्या चेंबरपर्यंतचे अंतर ६.४ मीटर आहे आणि ही सगळी लांबी फरशीखाली दबलेली आहे. ती सगळी उकरून काढायची नव्हती.

खालच्या चेंबरमध्ये पाइपच्या तोंडाला घट्ट करता येणारा रबरी टेस्ट प्लग बसवला आणि वरच्या चेंबरमधून पाणी सोडून पाइप भरला. या मापाच्या पाइपात मीटरमागे साधारण पावणेनऊ लिटर पाणी मावते, म्हणजे पूर्ण लांबीला छप्पन्न लिटर. टँकरचे पाणी यासाठी वापरणे योग्य वाटले नाही, म्हणून मावशींनी कपडे धुतलेले पाणी बादल्यांत राखून ठेवले होते, तेच ओतले. वरच्या चेंबरमधील पातळी लगेच खाली सरकू लागली आणि काही वेळाने पाइपचा वरचा भाग मोकळा झाला.

यानंतर पाणी जिथे थांबते ती जागा महत्त्वाची असते. पाइप उतारावर आहे आणि त्याच्या तळाला भेग असेल, तर पाणी त्या भेगेच्या पातळीपर्यंत उतरते आणि तिथेच स्थिरावते, कारण त्याखालचा भाग प्लगमुळे भरलेलाच राहतो. पाण्याची कड पाइपच्या तळाला जिथे टेकते, तिथेच भेग असते. पातळी हलायची थांबल्यावर वरच्या चेंबरमधून बॅटरीचा झोत टाकून ती कड पाहिली, बांबूची लांब कांब आत सरकवून तिचे टोक कडेला टेकवले आणि चेंबरच्या भिंतीपाशी कांबेवर खूण केली. अंतर २.१ मीटर भरले. पाइप मध्येच खचलेला असेल तर हे माप थोडे फसवू शकते, परंतु खोदायला कुठे सुरुवात करायची हे ठरवण्यासाठी ते पुरेसे आहे.

११ मे

फरशा खुणा करून उचलल्या आणि मिस्त्रीमामांनी त्यांच्या गड्यासह खोदायला घेतले. वरची माती टिकावानेच फुटत होती, खालची मात्र लोण्यासारखी चिकटत होती. पाइपच्या वर वीतभर माती राहिल्यावर टिकाव बाजूला ठेवायला सांगितला आणि उरलेले काम खुरप्याने व हाताने केले. भेग मोजलेल्या अंतरापासून वीतभर पुढे सापडली.

पाइप धुऊन पाहिल्यावर दोन वेगवेगळ्या भेगा दिसल्या आणि त्यांतून तो का फुटला हे वाचता आले. एक भेग आडवी, पाइपाभोवती गेलेली होती आणि ती वरच्या बाजूला जवळजवळ दोन मिमी उघडी होती. पाइप मधोमध उचलला जाऊन दोन्ही टोके खाली वाकली म्हणजे अशी भेग पडते. दुसरी भेग तळाशी, पाइपच्या लांबीच्या दिशेने खालच्या चेंबरकडे गेलेली होती. खाली टोकदार वस्तूचा दाब एकाच ठिकाणी आला की ही पडते. खाली हात घालून माती काढल्यावर नेमका त्याच ठिकाणी पायाच्या कामातून उरलेला काळ्या दगडाचा एक खांडका पाइपला टेकलेला मिळाला. पाइप टाकताना खाली कसलाही थर न देता तो थेट मातीवर ठेवलेला होता. उन्हाळ्यात काळी माती आकसून खाली बसते, दगड मात्र जागेवरच राहतो, त्यामुळे पाइप दगडावर तोललेला आणि दोन्हीकडून अधांतरी झाला. पावसाळ्यात माती फुगून तोच पाइप पुन्हा वर ढकलत असणार. वर्षानुवर्षे हे होत राहिल्यावर एखाद्या उन्हाळ्यात तो तुटणारच होता.

तुटलेल्या कडेची जाडी मोजली तेव्हा ती जेमतेम २.२ मिमी भरली. आयएस १३५९२ या मानकात ११० मिमीच्या पाइपासाठी ही ‘ए’ प्रकाराची जाडी आहे आणि तो प्रकार पावसाच्या पाण्यासाठी व हवेच्या नळीसाठी आहे. संडास आणि न्हाणीच्या पाण्यासाठी ‘बी’ प्रकार लागतो, ज्याची जाडी किमान ३.२ मिमी असते. दोन्हींचा बाहेरचा व्यास सारखाच असल्याने नवा जाड तुकडा जुन्या पाइपला त्याच कपलरने जोडता येतो. बाकीचा जुना पाइप मी बदलणार नाही, कारण पहारीने बाजूची माती ठोकून पाहिली असता आणखी दगड लागले नाहीत आणि दोन्ही चेंबरमधून पाहिल्यावर उरलेला पाइप सरळ दिसतो.

१२ मे

कोणत्या पद्धतीने जोडायचे, हे आज ठरवले. मामांचे म्हणणे होते, “दादा, भेग खरवडून पुट्टी भरू, वरून सायकलची ट्यूब आवळून तार बांधू, दोन-चार वर्षं कशाला काय व्हतंय.” शेतातल्या पाइपलाइनला असे करून वेळ निभावतो हे खरे आहे, तिथे गळती वर दिसते आणि पुन्हा आवळता येते. इथे तसे चालणार नाही. पीव्हीसीच्या गुळगुळीत, साबण आणि मळ मुरलेल्या पृष्ठभागावर पुट्टी नीट धरत नाही, आणि धरली तरी भेगेची टोके पुढे सरकायची थांबत नाहीत. शेवटी फरशीखाली काय चालले आहे हे कळेपर्यंत पुन्हा ओल भिंतीत शिरलेली असेल. भेग पडलेला तुकडा कापून काढणे हाच उपाय आहे.

जाळावर टोक तापवून ते फुगवायचे आणि दुसरा पाइप त्यात सारायचा, ही आपल्याकडे शिवारात चालणारी रीतही इथे उपयोगी नाही. तापवून ताणलेली भिंत पातळ होते, हा एक भाग झाला. पण खरी अडचण वेगळी आहे. पाइपची दोन्ही टोके चेंबरच्या भिंतींत पक्की बसलेली आहेत, तो मागे-पुढे सरकत नाही. सरळ तुकड्याचे एक टोक सॉकेटमध्ये घातले की दुसरे टोक आत घालायला जागाच उरत नाही, कारण त्यासाठी जुना पाइप सॉकेटच्या खोलीएवढा मागे ओढावा लागेल.

साध्या कपलरचीही हीच अडचण आहे. त्याच्या आत मधोमध एक बारीक कडा असते आणि पाइपचे टोक तिला अडकून थांबते. नव्या कामात ती कडा हवीच असते, कारण दोन्ही पाइप सारखे आत जातात. दुरुस्तीला लागतो तो रिपेअर कपलर, ज्याच्या आत अशी कडा नसते, त्यामुळे तो संपूर्ण पाइपावर सरकतो, मागे थांबतो आणि नवा तुकडा जागेवर बसल्यावर पुन्हा पुढे ओढून सांध्यावर आणता येतो. बाजारात दुकानदाराने पहिल्यांदा साधा कपलरच पुढे केला. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, म्हणून आत बोट फिरवून कडा नाही याची खात्री करूनच घ्यावा लागतो.

रिपेअर कपलरमध्येही दोन प्रकार मिळतात, सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवायचा आणि रबर रिंगचा. मी रिंगचा घेतला. चिकटवायच्या कपलरला सिमेंट लावल्यावर काही सेकंदांत तो पाइपावरून पूर्ण सरकवून खुणेवर आणावा लागतो, आणि बेचाळीस अंशांच्या उन्हात सिमेंट इतक्या वेगाने ओढते की तो अर्ध्यावरच धरला जाण्याची भीती असते. तसा धरला गेला तर पुन्हा कापण्याशिवाय मार्ग नाही. रिंगचा कपलर मात्र बसवल्यानंतरही सरकवता येतो, चुकला तर मागे घेता येतो आणि पाइपच्या लांबी-आखडीला थोडी मोकळीक देतो. काळ्या मातीत मला ही मोकळीक अधिक महत्त्वाची वाटते.

दोन रिंगचे रिपेअर कपलर आणि ‘बी’ प्रकाराच्या ११० मिमी पाइपचा एक मीटर तुकडा आणला. कपलरची लांबी १२४ मिमी भरली.

१४ मे, सकाळ

घरातील मंडळींना पाणी सोडू नका असे सांगून सहा वाजताच कामाला लागलो. उन्हात पडलेला पाइप तापून लांबतो आणि सावलीत मोजलेले माप दुपारी जुळत नाही, म्हणून मोजणे आणि कापणे थंड वेळेतच करायचे होते.

आधी भेगेची खरी लांबी काढली. तळाची उभी भेग डोळ्यांना एका जागी संपल्यासारखी वाटते, पण केसाएवढी बारीक होऊन ती पुढे गेलेली असते. तो भाग कोरडा करून कपड्यांच्या निळीचे पाणी फडक्याने चोळले आणि ओल्या कपड्याने पुसून काढले. निळी रेघ दिसत्या टोकाच्या पुढे बोटभर गेली होती. दोन्ही भेगा मिळून ३१० मिमीचा भाग बाधित ठरला. दोन्हीकडे ७५ मिमी चांगला पाइप धरून ४६० मिमी कापायचे ठरवले. भेगेच्या टोकापासून जवळ कापले तर उरलेल्या पाइपात ती पुन्हा चालू लागते, म्हणून या ७५ मिमीत मी काटकसर केली नाही.

कापण्याआधी दोन्ही बाजूंना पाइपखाली मुरूम भरून आणि लाकडी पाचरी ठोकून आधार दिला. ही गोष्ट सोडून देण्याचा मोह होतो, परंतु पाइप दगडावर वाकून ताणलेला होता. वर्तमानपत्राचा लांब पट्टा पाइपाभोवती गुंडाळून त्याच्या कडा एकमेकींवर तंतोतंत आणल्या, म्हणजे पेन्सिलीची रेघ काटकोनात येते. बारीक दातांच्या हॅक्सॉने वरचा भाग कापला आणि खालच्या बाजूला फ्रेम फिरत नसल्याने नुसते पान कापडात गुंडाळून हाताने ओढले. पहिला काप पूर्ण होताच दोन्ही टोके एकमेकांपासून सहा मिमी वर-खाली झाली. एवढा वाक त्या पाइपात साठलेला होता.

दगड काढला, त्याखालची मातीही अर्धा हात खोल काढली. टोकांतून सांडपाणी येऊ नये म्हणून दोन्हीकडे फडक्याचे बोळे बसवले.

मग खरी अडचण समोर आली. वरच्या चेंबरकडील टोक गोल होते, पण खालच्या चेंबरकडील टोक आडवे ११३ आणि उभे १०७ मिमी भरले. पातळ भिंतीचा पाइप मातीच्या भाराने चपटा होतो आणि उभ्या भेगेमुळे तो इथे अधिकच पसरला होता. अशा टोकावर कपलर रेटून बसवला तर रिंग आडव्या बाजूला चिरडली जाते आणि वर व खाली तिचा दाब सुटतो, आणि पाणी नेमके खालूनच जाते. शिकंजाने दाबून गोल करता येते, पण शिकंजा काढल्यावर पाइप पुन्हा पूर्वस्थितीला जातो. म्हणून खंदक थोडा वाढवला, पाइपावर थोड्या-थोड्या अंतरावर व्यास मोजत गेलो आणि १२० मिमी पुढे फरक एक मिमीपर्यंत आला, तिथे दुसरा काप घेतला. आता मोकळी जागा ५८० मिमी झाली.

दोन्ही चेंबरमध्ये दोरी ताणून आणि पाण्याच्या लेव्हलनळीने उतार तपासला. मूळ उतार ४० ला १, म्हणजे मीटरमागे २५ मिमी आहे आणि तोच राखायचा होता. मुरूम कमी-जास्त करून आणि पाचरी हलवून दोन्ही जुनी टोके एका रेषेत आणली. कपलर वाकडेपणा सांभाळून घेईल, ही अपेक्षा ठेवू नये. टोके आपल्या आपण समोरासमोर यायला हवीत, कपलरने फक्त पाणी अडवायचे असते.

१४ मे, जोडणी

नवा तुकडा ५७० मिमी लांब कापला. दोन्ही टोकांना प्रत्येकी पाच मिमी जागा सोडली, कारण पीव्हीसी तापमानाच्या एका अंशाला मीटरमागे सुमारे ०.०७ मिमी लांबते आणि चेंबर ते चेंबर ६.४ मीटरवर पंधरा अंशांच्या फरकाला हे जवळजवळ सात मिमी होते. पाइप आखडला तरी टोक कपलरच्या आत बरेच खोल राहते आणि लांबला तरी टोके एकमेकांना भिडत नाहीत.

चारही टोकांची दातरी कड आतून-बाहेरून खरवडली आणि बाहेरच्या कडेला कानशीने सर्व बाजूंनी सारखा तिरपा उतार दिला. तो नसेल तर पाइपची धारदार कड रिंगेला खोबणीतून उचलून काढते. जुन्या पाइपाच्या दोन्ही टोकांवर कापापासून ५९ मिमीवर, म्हणजे कपलरच्या निम्म्या लांबीतून मधल्या फटीचे निम्मे वजा करून, जाड शाईने खूण केली. नव्या तुकड्यावरही दोन्हीकडे तीच खूण केली. सांधा झाकल्यावर आत काय आहे हे दिसत नाही, ते फक्त या खुणाच सांगतात.

रिंगा काढून खोबणी पुसल्या, रिंगा परत बसवून सगळीकडे बोट फिरवले. कुठे पीळ राहिला असेल तर बोटाला उंचवटा लागतो. पाइपाला साबणाचे घट्ट पाणी लावले. मामांनी सवयीने ग्रीसचा डबा उघडला होता, पण खनिज तेलाने बरेच रबर फुगते आणि काही काळाने सैल पडते, म्हणून तो बंद करायला सांगितले.

दोन्ही कपलर जुन्या टोकांवर गोल फिरवत पूर्ण मागे सरकवले. नवा तुकडा मधल्या जागेत ठेवला, दोन्हीकडील पाच मिमी सारखे केले आणि मग आधी वरचा, नंतर खालचा कपलर दोन्ही खुणा त्याच्या कडांपाशी येईपर्यंत पुढे आणला. वरचा सहज आला. खालचा थोडा जड आला, पण खुणेवर बसला. कपलरखाली मुरमात खळगा करून ठेवला, जेणेकरून भार पाइपच्या अंगावर राहील, कपलरच्या कडेवर येणार नाही.

१५ मे

खालच्या चेंबरमध्ये पुन्हा प्लग बसवून वरच्या चेंबरमध्ये पाइपच्या माथ्याच्या वर वीतभर पाणी भरले. सांधे अजून उघडेच ठेवले होते, कारण माती टाकल्यावर केलेली चाचणी गळते एवढेच सांगते, कुठे ते सांगत नाही. दोन्ही कपलरखाली कोरडी वर्तमानपत्रे अंथरली.

वरच्या कपलरखालचा कागद कोरडा राहिला. खालच्या कपलरच्या जुन्या पाइपाकडील तोंडाखाली कागदावर हळूहळू पैशाएवढा डाग उमटला. पाणी सोडून दिले आणि कपलर नव्या तुकड्यावर पूर्ण मागे घेतला. रिंग शाबूत होती, पीळ नव्हता. जुना पाइप पुसून अंगठ्याचे नख आडवे फिरवले तेव्हा तळाशी, कापापासून ५० मिमीवर सुरू होणारा आणि लांबीच्या दिशेने पुढे गेलेला बारीक चरा लागला. खोदताना खुरप्याचे टोक लागले असावे. आडवा चरा फारसा त्रास देत नाही, पण उभा चरा रिंगेच्या खालून सरळ वाट करून देतो, आणि रिंग कापापासून साधारण ५५ मिमीवर बसत होती.

बारीक पॉलिश पेपरने चऱ्याच्या कडा मऊ केल्या, जास्त घासले नाही, कारण सपाट झालेला भागही गळतो. नंतर कपलर मूळ खुणेपेक्षा १५ मिमी नव्या तुकड्याकडे ठेवून बसवला. आता रिंग चऱ्याच्या अलीकडे, स्वच्छ पृष्ठभागावर आली आणि जुना पाइप अजूनही ४४ मिमी कपलरच्या आत आहे. नव्या खुणा करून ठेवल्या. पुन्हा पाणी भरून संध्याकाळपर्यंत ठेवले. दोन्ही कागद कोरडे राहिले आणि चेंबरच्या भिंतीवर काढलेल्या खडूच्या रेघेपासून पातळी हलली नाही.

१६ मे

आज भराव केला. वाळू घालावी की मुरूम, यावर मामांशी बराच वेळ बोलणे झाले. वाळू पाइपाभोवती छान बसते, पण काळ्या मातीच्या खंदकात वाळूचा पट्टा पाण्याची नालीच होऊन बसतो. पावसाचे पाणी वरून त्यात शिरते, बाजूची माती फुगते आणि पाइप पुन्हा उचलला जातो. म्हणून चाळलेला बारीक मुरूम घेतला, तो दाबला की घट्ट बसतो आणि काळ्या मातीसारखा फुगत-आकसत नाही. पाइपखाली १०० मिमी थर, दोन्ही कुशींत हाताने मुठीने ठासून, आणि माथ्यावर १५० मिमी. कुशींतला मुरूम एकदम न टाकता दोन्हीकडे सारखा थोडा-थोडा टाकला, अन्यथा पाइप एका बाजूला सरकतो. पाइपच्या माथ्यावर चोपणी मारू दिली नाही. मुरमाच्या वर उकरलेली काळी माती दगड वेचून परत घातली, किंचित ओली करून चोपली, म्हणजे वरचे पाणी आत उतरणार नाही. फरशा जुन्या खुणांनुसार बसवल्या.

खालचा कपलर वरच्या चेंबरच्या आतील भिंतीपासून किती अंतरावर आहे आणि त्याची खोली किती, हे चेंबरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवले.

२१ जून

मृगाचा पाऊस चांगला झाला आहे आणि अंगणातल्या भेगा मिटल्या आहेत. माती फुगल्यानंतरच पाइप खरोखर जागेवर राहिला की नाही हे कळते, म्हणून आज तपासले. वरच्या चेंबरमध्ये बॅटरी धरून खालच्या चेंबरमध्ये आरसा तिरका ठेवला. आरशात प्रकाशाचे वर्तुळ पूर्ण गोल दिसले. मध्ये कुठे खचला किंवा उचलला असता तर ते वर किंवा खाली कापलेले दिसले असते. प्लग लावून पुन्हा पाणी भरले, खडूच्या रेघेवरून पातळी उतरली नाही. भिंतीलगतची ओल वाळून तिथे मिठाची पांढरी पूड उरली आहे, ती ब्रशने झाडून मावशी दिवाळीच्या आधी तो भाग रंगवून घेणार आहेत. ऑक्टोबरात माती पुन्हा आकसू लागेल तेव्हा हीच आरशाची तपासणी पुन्हा करायची आहे.